उधाणाच्या दुपारी पक्षी कुठे बसतात, ते आधी मोजा

प्रति,
मुंबई महानगर प्रदेशात खाडीकाठच्या जमिनींचे आराखडे करणारे, तपासणारे आणि त्यांना मंजुरी देणारे सर्व अधिकारी

स.न.वि.वि.

मी मुलुंडला राहते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि बावीस वर्षं ठाणे खाडीच्या काठी पक्षी मोजते. हे पत्र एका तक्त्यामुळे लिहिते आहे.

मध्यंतरी खाडीलगतच्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेले होते. पर्यावरण अहवालात त्या जुन्या मिठागराच्या पक्ष्यांचा तक्ता होता. किनारी पक्ष्यांच्या बहुतेक ओळींपुढे शून्य होतं आणि खाली शेरा होता, की स्थलांतरित पक्षी या जागेचा नगण्य वापर करतात. मला धक्काच बसला, कारण त्याच वसंतात, अमावास्येच्या दुपारी, त्याच मिठागराच्या बांधांवर मी पक्ष्यांची इतकी दाटी पाहिली होती की मधली माती दिसत नव्हती. घरी येऊन अहवालातल्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. पाहणी तीनदा झाली होती, दर दोन आठवड्यांनी शनिवारी, आणि तीनही दिवस अष्टमी ते एकादशीच्या दरम्यानचे होते. म्हणजे तीनही वेळा भांग, म्हणजे लहान भरती होती.

कोळीवाड्यातल्या शाळकरी मुलालाही यातली चूक कळेल. उधाण आणि भांग यांचं चक्र साधारण पंधरा दिवसांचं असतं. एकदा भांगाच्या दिवशी पाहणी सुरू केली आणि दर दोन आठवड्यांनी जात राहिलं, तर प्रत्येक वेळी भांगच पदरात पडतो. भांगाची भरती अर्धवट असते. खाडीच्या वरच्या अंगाचा चिखल पूर्ण बुडत नाही, त्यामुळे पक्षी तिथेच बसून राहतात आणि मिठागरात यायची त्यांना गरज पडत नाही. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं, चिखलाचा शेवटचा पट्टाही बुडतो आणि सगळ्या थव्यांना एकाच वेळी उठून कुठेतरी जावं लागतं. त्या दोन-तीन तासांत ते जिथे बसतात, ती जागा त्या तक्त्यात शून्य ठरली होती. पाहणी करणाऱ्यांच्या मनात काही काळंबेरं होतं असं मी म्हणत नाही. त्यांनी पक्षी मोजले, पण भरती पाहिली नाही.

या दोन-तीन तासांना एवढं महत्त्व का द्यायचं, असा प्रश्न आपल्याला पडेल. म्हणून एका पक्ष्याचा हिशेब मांडते.

कर्ल्यू सँडपायपर हा चिमणीपेक्षा थोडा मोठा, लांब पायांचा, टोकाशी खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी. हिवाळ्यात तो राखाडी असतो आणि शिवडी, भांडुप, ऐरोलीच्या चिखलात हजारोंनी दिसतो. त्याची अंडी-पिल्लं मात्र सायबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिर आणि त्याच्या पूर्वेकडच्या टुंड्रात होतात. मुंबईहून हे अंतर सहा हजार किलोमीटरहून जास्त आहे. तिथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा, म्हणून जूनमध्ये पोहोचावंच लागतं. त्यासाठी एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला इथून निघावं लागतं आणि निघण्याआधी अंगात चरबी भरून घ्यावी लागते.

ही चरबी मी हाताशी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालण्याच्या एका रात्रीच्या शिबिरात स्वयंसेवक होते. जाळ्यातून सोडवलेला पक्षी सुती पिशवीत घालून काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, मग त्याला उताणा धरून गळ्याखालच्या पिसांवर हलकी फुंकर मारायची. पिसं बाजूला होतात आणि कातडीतून आतलं दिसतं. डिसेंबरात पकडलेल्या पक्ष्याच्या गळ्याखाली, हासळीच्या हाडाच्या दुबेळक्यात, खळगा असतो आणि त्यातून तांबडा स्नायू दिसतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या पक्ष्याचा खळगा भरून वर फुगला होता. लोण्यासारखा पिवळसर थर होता आणि पोटावरही तसाच. छाती विटकरी झाली होती. हातात तो पक्षी इतका गरम आणि इतका भरीव लागला की पिशवीतून काढताना मी दोनदा काट्याकडे पाहिलं.

चरबीच का, तर एका ग्रॅम चरबीतून सुमारे 39 किलोज्यूल ऊर्जा मिळते आणि ती साठवताना सोबत पाण्याचा भार घ्यावा लागत नाही. तेवढ्याच वजनाच्या ओल्या स्नायूतून याच्या सातव्या-आठव्या भागाइतकीच ऊर्जा मिळते. उडणाऱ्याला दुसरं इंधन परवडत नाही.

आता आकडे. समजण्यासाठी मी ते गोल केले आहेत. चरबीविना पक्ष्याचं वजन 52 ग्रॅम धरा. चांगल्या चिखलात, शांतपणे खाता-बसता आलं तर तो दिवसाला साधारण 1 ग्रॅम चरबी साठवतो. 1 एप्रिलला सुरुवात करून 27 एप्रिलला निघाला, तर 26 ग्रॅम चरबी घेऊन 78 ग्रॅमचा होतो. लांब उड्डाणात असे पक्षी तासाला आपल्या वजनाच्या सुमारे 1 टक्का गमावतात. या दराने 78 वरून 52 वर यायला जवळपास 40 तास लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने, वारा ना मागून ना पुढून असं धरलं, तर हे 2,400 किलोमीटर होतात. नकाशावर मुंबईपासून उत्तरेला एवढं अंतर मोजा. बोट ताश्कंदच्या जवळपास जातं. म्हणजे हिंदुकुश-पामीरची भिंत मागे पडलेली असते आणि पुढे मध्य आशियातली पाणथळं लागतात, जिथे उतरून पुन्हा खाता येतं.

हाच पक्षी दिवसाला 1 ग्रॅमऐवजी 0.6 ग्रॅमच साठवू शकला तर काय होतं पाहा. तेवढ्याच 26 दिवसांत त्याचं वजन 68 ग्रॅमच्या आत राहतं. उड्डाण 26-27 तासांचं, अंतर सुमारे 1,600 किलोमीटर. नकाशावर हे बोट श्रीनगरच्या आसपास थांबतं. डोंगर अजून पुढे आहेत. फरक दहा ग्रॅमचा, रुपयाच्या साधारण तीन नाण्यांइतका.

आता हे 0.4 ग्रॅम कुठे जातात ते पाहू, कारण इथेच आपला आराखडा आणि पक्ष्याचं पोट यांची गाठ पडते. 0.4 ग्रॅम चरबी म्हणजे या पक्ष्याचं सुमारे 40 मिनिटांचं उड्डाण. दिवसात भरती दोनदा येते. प्रत्येक भरतीला चिखलावरून बसायच्या जागी जायचं आणि पाणी उतरलं की परत यायचं, म्हणजे चार फेऱ्या. बसायची जागा दोन किलोमीटरवर होती, ती बुजवली आणि पुढची जागा सात किलोमीटरवर मिळाली, तर प्रत्येक फेरीत पाच मिनिटं वाढली. दिवसाला वीस मिनिटं झाली. उरलेली वीस मिनिटं नव्या जागेवर सहज जातात, कारण ती जागा अरुंद आणि गर्दीची असते. भटकी कुत्री येतात, बांधावरून मोटरसायकल जाते, कोणी फोटोसाठी जवळ जातं, आणि प्रत्येक वेळी सगळा थवा उठून चकरा मारत राहतो. एकदा उठला की दोन-तीन मिनिटं. असं सात-आठदा झालं की संपलं.

मग तो जास्त खाऊन भरपाई का करत नाही? कारण त्याच्याकडे जास्त वेळच नाही. चिखल उघडा असतो तेवढाच वेळ खाता येतं. या दिवसांत हे पक्षी रात्रीच्या ओहोटीलाही खातात, म्हणजे रात्रही आधीच वापरून झालेली असते. शिवाय आतड्यांना पचवायची मर्यादा आहे. भरतीच्या वेळेची विसावणी ही पचनाची वेळ आहे. आपण जेवून उठल्याबरोबर धावत नाही, तसंच.

मुंबईपुरती आणखी एक अडचण आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान येते. आमचे एक ओळखीचे नाखवा म्हणतात, "ताई, उधाणाला पाणी सूर्याबरोबर डोक्यावर येतं." म्हणजे ज्या दिवशी सगळ्या पक्ष्यांना चिखल सोडावाच लागतो, त्या दिवशी तो नेमका एप्रिल-मेच्या रणरणत्या दुपारी सोडावा लागतो. अंगावर चरबीचा थर, गडद विटकरी पिसं आणि वरून ऊन. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला रोबक उपसागरात ग्रेट नॉट या पक्ष्यावर निघण्याआधीच्या दिवसांत अभ्यास झाला. तिथे दिसलं की जाड झालेले पक्षी उन्हात चोच उघडून धापा टाकतात, पाठीवरची पिसं उभी करतात आणि पाय पाण्यात ठेवून उभे राहायला धडपडतात, कारण पायांवाटे अंगातली उष्णता पाण्यात जाते. मिठागराच्या कुंडीत घोट्याइतकं पाणी असतं, म्हणून ती जागा त्यांना चालते. भराव घातलेल्या कोरड्या मैदानावर तीच दुपार त्यांना सोसत नाही. "शेजारी एवढी मोकळी जमीन आहे, तिथे बसतील" हे वाक्य मी सुनावण्यांत अनेकदा ऐकलं आहे. मोकळी असणं पुरेसं नाही. पाणी उथळ हवं, बांध बुटका हवा, चारही बाजूंनी दूरवर दिसायला हवं, म्हणजे शिकारी पक्षी येताना कळतो. आणि ती जागा चिखलाजवळ हवी. लिस्बनजवळच्या टेगस नदीच्या मुखाशी डनलिन या याच कुळातल्या पक्ष्यावर काम झालं आहे. तिथे भरतीच्या वेळच्या जागेपासून पाच किलोमीटरपलीकडचा चिखल हे पक्षी फारसा वापरत नाहीत, असं आढळलं. चिखल शाबूत असतो, त्यात किडेही असतात, पण जवळ बसायला जागा नसल्यामुळे तो पक्ष्यांच्या दृष्टीने नसल्यात जमा होतो.

ठाणे खाडीचं नेमकं हेच दुखणं आहे. 2015 मध्ये खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये 6,521 हेक्टरचं क्षेत्र रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नोंदलं गेलं. ते चांगलंच झालं. पण भरतीच्या वेळच्या बसायच्या जागा, म्हणजे मिठागरं, नवी मुंबईतल्या टी. एस. चाणक्य संस्थेच्या आणि एनआरआय वसाहतीच्या मागची तळी, सीवूड्सचं तळं, पलीकडे उरणचं पाणजे, या खाण्याच्या जागांइतक्या सुरक्षित नाहीत. आपण ताट राखलं आणि पाट काढून घेतला. सीवूड्सच्या तळ्यात भरतीचं पाणी येण्याचा मार्ग तुंबला आणि 2024 च्या उन्हाळ्यात ते सुकलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथे एकही इमारत उभी राहिली नव्हती. पाणी आत येणं थांबलं एवढंच.

"इथून गेले तर दुसरीकडे जातील" याचं उत्तर वेल्समधल्या कार्डिफमध्ये मिळालं आहे. 1999 मध्ये तिथल्या उपसागरावर बंधारा घातला आणि भरती-ओहोटीचा चिखल कायमचा पाण्याखाली गेला. तिथे हिवाळा काढणाऱ्या रेडशँक पक्ष्यांच्या पायांत आधीपासून रंगीत कडी होती, त्यामुळे ते पुढे कुठे गेले ते कळलं. ते शेजारच्याच नदीमुखाशी गेले. वरवर पाहता सगळं ठीक होतं, पक्षी दुसरीकडे गेलेच होते. पण तिथे त्यांची वजनं कमी भरली आणि वर्षाकाठी जगण्याचं प्रमाण सुमारे 85 टक्क्यांवरून 78 टक्क्यांवर आलं. हा फरक छोटा वाटतो. उलट बाजूने पाहा, दरवर्षी शंभरातले 15 मरत होते, ते 22 मरू लागले. कर्ल्यू सँडपायपरसारखा वर्षाला एकदा विणणारा, त्यातही टुंड्रातल्या खराब हंगामात पिल्लं हाती न लागणारा पक्षी एवढी घट भरून काढू शकत नाही.

वजनाचा आणि जगण्याचा संबंध याहून उघडा दिसला तो अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात. दक्षिण अमेरिकेहून आर्क्टिककडे जाणारे रेड नॉट तिथे मे महिन्यात दोनेक आठवडे थांबतात आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या राजखेकड्यांची अंडी खाऊन 180 ग्रॅमच्या आसपास होतात. मासेमारीच्या आमिषासाठी राजखेकडे भरमसाट पकडले गेले, अंडी कमी पडली आणि वेळेत 180 ग्रॅम गाठणारे पक्षी घटत गेले. प्रौढ पक्ष्यांचं वर्षभर तगण्याचं प्रमाण 85 वरून 56 टक्क्यांवर घसरलं. दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगोत, 2000 साली सुमारे 51,000 पक्षी होते, ते 2002 मध्ये 27,000 उरले. तिकडच्या हिवाळी जागेत काही बिघडलं नव्हतं. आर्क्टिकमध्येही नाही. वाटेतले दोन आठवडे बिघडले होते. कर्ल्यू सँडपायपरला 2024 च्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात टाकलं गेलं, तेव्हा मला हे आकडे पुन्हा आठवले.

आपल्याकडून काही ठोस गोष्टींची अपेक्षा आहे.

खाडीपासून पाच किलोमीटरच्या आत येणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाची पक्षी पाहणी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत प्रत्येक उधाणाला, भरतीच्या आधी एक तास ते नंतर एक तास, झालीच पाहिजे. तक्त्यात तारखेशेजारी तिथी, भरतीची वेळ आणि पाण्याची उंची हे तीन रकाने सक्तीचे करा. ते रिकामे असतील तर अहवाल परत पाठवा. रात्रीच्या भरतीची एकतरी पाहणी हवी, कारण काही जागा पक्षी फक्त दिवसा आणि काही फक्त रात्री वापरतात.

नुसत्या संख्येवर मात्र जाऊ नका. एखाद्या तळ्यावर पक्षी अचानक वाढले, तर तिथलं बरं चाललं आहे असा अर्थ लगेच काढू नये. शेजारची जागा गेल्यामुळे गर्दी झाली असेल, किंवा वजन न भरल्यामुळे पक्षी निघायचे थांबले असतील. जूनमध्येही इथे कर्ल्यू सँडपायपर दिसतात, हे दाखवून मला एकदा गप्प बसवलं गेलं होतं. ते बहुतेक गेल्या वर्षी जन्मलेले, राखाडीच राहिलेले असतात. पहिल्या उन्हाळ्यात ते उत्तरेला जातच नाहीत. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात विटकरी छातीचे किती मागे राहिले, हे पाहायला हवं. त्यांच्या पोटाचा फुगवटा दुर्बिणीतून पाहून त्याला श्रेणी देण्याची पद्धत आहे. पायांच्या मागे पोट सपाट आहे की खाली ओघळलं आहे, एवढं नोंदवलं तरी पक्षी न पकडता पुष्कळ कळतं. दरवर्षी थोडे पक्षी पकडून त्यांची वजनं घेणं हे त्याहून खात्रीचं, पण ते प्रशिक्षित लोकांनीच करायचं काम आहे.

कांजूर, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांच्या जमिनी घरांसाठी देण्याचे निर्णय 2024 मध्ये झाले. मुंबईत माणसांना घरं हवीत, हे मी स्वतः 380 चौरस फुटांत राहून जाणते. त्या जमिनींचा प्रत्येक तुकडा पक्ष्यांचा आहे, असा माझा दावा नाही. महामार्गापलीकडे, भरतीपासून तुटलेले कोरडे तुकडेही त्यात आहेत. पण कुठला तुकडा उधाणाला थव्यांचा असतो आणि कुठला नसतो, हे तुकड्यागणिक, वर सांगितलेल्या पद्धतीने ठरवल्याशिवाय एकाही तुकड्यावर भराव पडू नये. जिथे पर्यायी जागा देऊ म्हणाल, तिथे आधी पाणी खेळवा, बांध घाला आणि दोन वसंत ऋतू पक्षी तिथे बसतात का पाहा. त्यानंतरच जुनी जागा घ्या. कार्डिफमध्ये उत्तर कळलं तेव्हा चिखल बुडून गेला होता.

येत्या चैत्री अमावास्येला मी भांडुपच्या बाजूला बांधावर असेन, सकाळी अकरापासून. आपल्यापैकी कोणी आलात तर माझ्याकडे जास्तीची दुर्बीण आहे. टोपी आणि पाणी घेऊन या, सावली कुठेच नाही. साधारण साडेअकराला खाडीकडून पहिला थवा उठतो, पांढरा-विटकरी होत वळतो आणि बांधावर उतरतो. उतरल्यावर ते एका पायावर उभे राहतात, चोच पाठीत खुपसतात आणि पाणी उतरेपर्यंत हलत नाहीत.

आपली,
मुलुंड पूर्वची एक शिक्षिका